२० सेकंदात कांडपाच्या दुकानाची जाहिरात : काय ठेवायचं आणि काय कापायचं

प्रश्न : कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं मिरची कांडप आणि मसाल्याचं छोटं दुकान आहे. सीझन एप्रिल-मे. लोकल एफएमवर २० सेकंदांचा स्पॉट घेतलाय पण मी लिहिलेलं ३२ सेकंद जातंय. स्टेशनवाले म्हणतात फास्ट वाचून बसवू. मला नंबर, पत्ता, सगळे मसाले सगळंच पाहिजे आहे. काय कापू? स्क्रिप्ट अशी आहे : "नमस्कार कोल्हापूरकर! गेली २५ वर्षं आपल्या सेवेत असलेले विश्वासाचे नाव म्हणजे (दुकानाचं नाव). आमच्याकडे मिरची कांडप करून मिळेल, तसेच कांदा-लसूण मसाला, गरम मसाला, गोडा मसाला, मालवणी मसाला, हळद, शिकेकाई योग्य दरात मिळेल. घरपोच सेवा उपलब्ध. एकदा अवश्य भेट द्या. पत्ता, (दुकानाचं नाव), मंगळवार पेठ, मिरजकर तिकटीजवळ, कोल्हापूर. मोबाईल (दहा आकडे). आमची कुठेही शाखा नाही."

उत्तर :

लोकल दुकानांचे रेडिओ स्पॉट लिहिणं आणि रेकॉर्ड करून घेणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या स्क्रिप्टची खरी अडचण ती १२ सेकंद जास्त आहे ही नाही. ऐकणाऱ्याला तुम्ही एकदम चार कामं सांगताय, मिरची घेऊन या, मसाला विकत घ्या, फोन करा, घरपोच मागवा, आणि वर "एकदा अवश्य भेट द्या" जे कुठल्याही दुकानाला लागू पडतं. रेडिओ ऐकणारी बाई स्वयंपाक करत असते किंवा माणूस गाडी चालवत असतो, त्याच्या डोक्यात एक काम राहतं, फार तर त्याला चिकटलेली वेळ आणि जागा राहते. म्हणून शब्द कापायच्या आधी काम एक ठरवायचं, ते ठरलं की काय कापायचं ते बऱ्यापैकी आपोआप दिसायला लागतं.

आता कुठलं काम ठेवायचं हे तुमच्या दुकानावर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. कांडपाच्या मजुरीवर तुमचं दुकान चालतं का तयार मसाल्यावर? सीझनमध्ये मशीन रिकामं असतं का? माझ्या कामात मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, कारण एप्रिल-मे मध्ये बहुतेक कांडपवाल्यांकडे शुक्रवार ते रविवार आधीच गर्दी असते, पिशव्या ओळीनं ठेवलेल्या असतात आणि बायका सावली बघून ताटकळत असतात. अशा दुकानाची जाहिरात "या हो या" अशी केली तर लोक येतात, रांग बघतात आणि पुढच्या कांडपावर जातात, म्हणजे पैसे तुमचे आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचं. तुमच्याकडेही शनिवार-रविवार फुल आणि बाकीचे दिवस ढिले असं असेल तर जाहिरातीनं गिऱ्हाईक ढिल्या दिवसांकडे वळवायला पाहिजे. मी पुढचं सगळं हे धरूनच लिहितोय. मशीन रोजच रिकामं असेल किंवा कमाई तयार मसाल्याची असेल तर काय बदलायचं ते खाली सांगतो.

तर काम ठरलं : सोमवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या आत मिरची घेऊन या. यात काय करायचं, कधी करायचं, दोन्ही आलं. जागा जोडली की पूर्ण झालं. अकराच का, तर "सकाळी नऊला या" म्हटलं की सगळे नऊलाच येऊन उभे राहतात आणि ज्या रांगेतून सुटका करतो म्हणताय तीच रांग तुम्ही स्वतः तयार करता. "अकराच्या आत" म्हटलं की लोक आपापल्या सवडीनं विखरून येतात. पण नुसतं "सकाळी" म्हणू नका, साडेबाराला आलेला माणूसही सकाळीच आलो म्हणतो.

आता वेळेचा हिशोब. २० सेकंद म्हणजे बोलायला २० सेकंद मिळत नाहीत. सुरुवातीला कांडपाचा धाड-धाड आवाज एक सेकंद, कारण गाणं संपून जाहिरात सुरू झाली हे कानाला कळायला काहीतरी लागतं आणि तुमच्या धंद्याचा तो आवाज कोल्हापुरात कुणालाही ओळखू येतो. शेवटी अर्धा सेकंद मोकळा, नाहीतर पुढची जाहिरात तुमच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर चढते. मधे श्वास आणि वाक्यांमधले थांबे मिळून दोनेक सेकंद. राहिले साडेसोळा. मराठी जाहिरात नीट कळेल अशी वाचली तर सेकंदाला दोन ते सव्वादोन शब्द जातात, म्हणजे ३३ ते ३७ शब्द, त्याच्यावर एकही नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये आकडे धरून साठच्या वर आहेत. अर्थात मराठीत शब्दांची लांबी फार कमी-जास्त असते, "या" पण एक शब्द आणि "तिकटीजवळ" पण एक शब्द, त्यामुळे मोजणी फक्त लिहिताना अंदाजाला वापरायची आणि शेवटचा निकाल मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लावायचा. मोठ्यानं वाचायचं, मनातल्या मनात नाही, मनात वाचलेलं नेहमी कमी भरतं.

"फास्ट वाचून बसवू" याला माझा सरळ नकार आहे. ३२ चे २० करायचे म्हणजे दीडपटीच्या वर वेग, एवढं कुणी माणूस वाचू शकत नाही आणि कॉम्प्युटरवर दाबून बसवलं तर घुसमटल्यासारखं ऐकू येतं. माझ्या अनुभवात रेकॉर्डिंग सात-आठ टक्क्यांपर्यंत दाबलं तर चालून जातं, म्हणजे साडेएकवीस सेकंदांचं २० होतं. त्याच्या पुढे गेलं की मराठीतली जोडाक्षरं आणि ख-घ-छ-ध सगळ्यात आधी मरतात, आणि कळत नाही कुठे ते मालकाला समजत नाही कारण त्याला स्क्रिप्ट पाठ असते. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ठीक वाटतं, तेच रिक्षातल्या स्पीकरवर नुसता गलका.

आता कात्री. आधी नंबर काढा, मला माहीत आहे हाच सगळ्यात जड जाईल. दहा आकडे नीट सांगायला चार ते पाच सेकंद लागतात, म्हणजे तुमच्या बोलायच्या वेळेतला पाव हिस्सा, आणि एकदा सांगून कुणी लिहून घेत नाही, दोनदा सांगायला गेलात तर निम्मा स्पॉट नंबरच. त्यात आपल्याकडे आकडे जोडीनं सांगायची सवय, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद धावत्या गाडीत सारखेच ऐकू येतात. बरं, कांडपाला यायला फोन लागतो कशाला? मिरची घेऊन तर यायचंय. ज्याला फोन करायचाच आहे तो दुकानाचं नाव मोबाईलवर शोधतो, म्हणून तुमचं नाव, वेळ, नंबर गुगल मॅपवर बरोबर आहे का ते आज बघा, ते काम स्पॉटपेक्षा आधी करा.

मग मसाल्यांची यादी. सहा वस्तू सांगितल्या की त्यातली एकही लक्षात राहत नाही, आणि मिरची घेऊन आलेली बाई तुमच्या काउंटरवर उभी असताना गोडा मसाला आणि हळद तिला समोर दिसणारच आहे. यादी दुकानात मांडा, रेडिओवर नको. "नमस्कार कोल्हापूरकर" आरजे दिवसभर म्हणत असतो, तुम्ही पैसे देऊन म्हणू नका. "योग्य दरात", "आपल्या सेवेत", "विश्वासाचे नाव", "सेवा उपलब्ध" ही पाटीवरची भाषा आहे, सगळे दुकानदार हेच म्हणतात म्हणून कान ते गाळून टाकतो. २५ वर्षं आणि "आमची कुठेही शाखा नाही" हे दोन्ही दुकानावरच्या बोर्डावर शोभतं, शाखा नाही ही काळजी ऐकणाऱ्याला पडलेलीच नसते. पत्त्यात पेठ आणि कोल्हापूर दोन्ही काढा, मिरजकर तिकटी म्हटलं की कोल्हापूरकराला पुढे सांगावं लागत नाही. फक्त तिकटीच्या आसपास दुसरं कांडप असेल तर एखादी जवळची ठळक खूण जोडा, दोन शब्दांत मावेल अशी.

आणि एक राहिलं, नाव. लोक तुमच्या दुकानाला बोर्डावरच्या नावानं ओळखतात का आडनावानं? "अमक्यांचं कांडप" असं म्हणत असतील तर स्पॉटमध्ये तेच म्हणा. तीच गोष्ट "मिरची कांडप करून मिळेल" ची. तुमच्या गिऱ्हाईक बायका घरात "चटणी कुटायचीय" म्हणतात, मग जाहिरातीतल्या बाईनंही तेच म्हणावं.

एवढं झाल्यावर जे उरलं ते असं बसतं :

(कांडपाचा आवाज एक सेकंद, मग खाली जातो)
बाई : वर्षाची चटणी कुटायचीय... पण ती रांग!
निवेदक : सोमवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या आत मिरची घेऊन या. तुमच्यासमोर कुटून, जेवायच्या आत परत. (दुकानाचं नाव), मिरजकर तिकटी.
बाई : सोमवार ते गुरुवार?
निवेदक : अकराच्या आत. मिरजकर तिकटी, (दुकानाचं नाव).

दुकानाचं नाव दोन शब्दांचं धरलं तर हे ३३ शब्द होतात, शांतपणे वाचून १९ सेकंदांच्या आसपास येतं. यात प्रत्येक वाक्य तिथे का आहे ते सांगतो म्हणजे तुम्ही बदल करताना चुकीची वीट काढणार नाही. पहिल्या वाक्यात गिऱ्हाईकाची अडचण आहे, तुमचं कौतुक नाही, कारण जिला चटणी करायची आहे ती एवढ्यावरच कान टवकारते आणि जिला करायची नाही ती तशीही तुमची नव्हे. "तुमच्यासमोर कुटून" हे एका खऱ्या भीतीचं उत्तर आहे, आपल्या ब्याडगीत दुसऱ्याची कुठली तरी मिरची मिसळेल किंवा बदलून मिळेल ही भीती प्रत्येक घरात असते, आणि हे दोन शब्द "विश्वासाचे नाव" पेक्षा जास्त विश्वास देतात. शेवटी बाई परत दिवस विचारते ते मुद्दाम आहे. दिवस, वेळ, जागा आणि नाव दोनदा जायलाच पाहिजे, पण तेच वाक्य निवेदकानं दोनदा म्हटलं तर रेकॉर्ड अडकल्यासारखं वाटतं, संवादात ते खपून जातं. आणि नाव सगळ्यात शेवटी, त्याच्या मागे काहीही नको, "तर मग वाट कसली बघताय" वगैरे अजिबात नको.

"जेवायच्या आत परत" हे मात्र तपासून घ्या, हे वचन आहे आणि ते पाळता आलं पाहिजे. समजा तुमचं मशीन तासाला १० किलो काढतं आणि एक बाई सरासरी ३ किलो आणते, तर नऊ ते एक या चार तासांत ४० किलो, म्हणजे तेराच गिऱ्हाइकं. चौदावी आली की वचन मोडलं, आणि रेडिओवर ऐकून आलेलं गिऱ्हाईक थांबावं लागलं तर दुप्पट चिडतं. माझे आकडे नुसते उदाहरणाला आहेत, तुमचे तुम्ही घाला. हिशोब बसत नसेल तर "जेवायच्या आत परत" ऐवजी "त्याच दिवशी परत" म्हणा, शब्द तेवढेच लागतात, आणि काउंटरवर नंबराच्या चिठ्ठ्या ठेवा म्हणजे पिशवी ठेवून जाता येईल. पण मग "तुमच्यासमोर कुटून" गेलं, कारण पिशवी ठेवून जाणारीला समोर काय दिसणार. दोन्हीतलं एकच निवडावं लागेल. मी तुमच्या जागी असतो तर "तुमच्यासमोर" ठेवलं असतं आणि रोजची संख्या सांभाळली असती.

रेकॉर्डिंगला स्वतः जाऊन बसा. बाईचा आवाज स्टेशनच्या नेहमीच्या गोड जाहिरातवाल्या आवाजात घेऊ नका, वयस्कर आणि घरगुती पाहिजे, "ती रांग!" म्हणताना खरा वैताग आला पाहिजे. मागे म्युझिक नसलं तरी चालेल, कांडपाचा आवाज पुरे, पण बोलणं सुरू झालं की तो पार खाली नेऊन ठेवायला सांगा, कारण धाड-धाड आणि माणसाचा आवाज एकमेकांना खातात. सिनेमातलं गाणं मागे टाकायचा मोह होईल, त्याचे हक्क वेगळे विकत घ्यावे लागतात, त्या फंदात पडू नका.

फायनल फाइल हातात आली की मोबाईलवर घ्या आणि दोन ठिकाणी वाजवून बघा, एक स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन चालू असताना आणि दुसरं चालत्या रिक्षात. ज्यानं स्क्रिप्ट कधी पाहिलेली नाही अशा माणसाला एकदाच ऐकवा, मग पाच मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा आणि विचारा : काय करायचं, कधी, कुठे? "काय" आणि "कुठे" सांगितलं पण "कधी" विसरला असं बहुतेक वेळा होतं. तसं झालं तर "सोमवार ते गुरुवार" च्या आधी अर्धा सेकंद शांतता ठेवायला सांगा, नवीन शब्द घालू नका. "कुठे" विसरत असेल तर "तुमच्यासमोर कुटून" काढून तिथे खूण घाला, मला ते शब्द कितीही आवडत असले तरी.

स्टेशनचा रेट साधारण १० सेकंदांच्या हिशोबानं असतो, म्हणून त्याच पैशात २० चा एक स्पॉट किंवा १० चे दोन बसतात. मी असं सुचवेन की पहिला आठवडा २० चा चालवा, लोकांच्या कानात बसला की त्याचाच १० चा तुकडा करा : "वर्षाची चटणी कुटायचीय? सोमवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या आत मिरची घेऊन या. (दुकानाचं नाव), मिरजकर तिकटी." सोळा शब्द झाले. आवाज तोच बाईचा आणि निवेदकाचा ठेवा, म्हणजे मोठा स्पॉट ऐकलेल्याला बाकीचं आपोआप आठवतं. थेट १० नं सुरुवात मात्र करू नका, त्यात रांग येत नाही, आणि सोमवार ते गुरुवारच का याचं कारण न कळता नुसते दिवस लक्षात राहत नाहीत.

कधी वाजवायचा हेही कामाशीच बांधलेलं आहे. सोमवार ते गुरुवार या म्हणताय तर शुक्रवारी-शनिवारी वाजवून काय फायदा, ऐकलं आणि तीन दिवसांनी विसरलं. रविवार संध्याकाळपासून बुधवारपर्यंत सगळे स्पॉट टाका, शक्यतो संध्याकाळी जास्त, कारण उद्या सकाळी मिरची न्यायची तर ती आज वाळवून, देठं काढून ठेवायला पाहिजे. स्टेशन स्वस्तातलं पॅकेज देईल ज्यात स्पॉट दिवसभरात कुठेही पडतात, रात्री उशिरासुद्धा, त्यापेक्षा कमी स्पॉट घ्या पण वेळ तुम्ही ठरवा आणि ती लेखी घ्या.

चाललंय का नाही हे कळायला कूपन वगैरे नको. तुम्ही दिवस आणि वेळ दिलीय म्हणजे मोजमाप त्यातच आलं. स्पॉट सुरू व्हायच्या आधीचे दोन आठवडे सोमवार ते गुरुवार अकराच्या आत किती पिशव्या आल्या आणि किती किलो निघालं ते वहीत लिहून ठेवा, मग स्पॉट चालू असतानाचं लिहा. तेवढ्याच वेळात आलेल्यांना "कुठून कळलं" विचारा आणि रेडिओ म्हणाले की खूण करा. दुसऱ्या आठवड्यानंतरही त्या वेळेचा आकडा हलला नाही आणि शनिवारची गर्दी मात्र वाढली, तर लोकांनी नाव ऐकलंय पण दिवस नाही, म्हणजे वर सांगितलेला "कधी" वाला दोष. दोन्हीकडे काहीच हललं नाही तर स्पॉटच्या वेळा तपासा, स्टेशनकडून कधी-कधी वाजला त्याची यादी मागता येते.

आता ज्यांचं वेगळं आहे त्यांच्यासाठी. मशीन आठवडाभर रिकामं असेल तर दिवसांचं बंधन आणि रांग दोन्ही काढा, मग "तुमच्यासमोर" हेच मुख्य आणि काम "मिरची घेऊन या, थांबून घेऊन जा". कमाई तयार मसाल्याची असेल तर सहा नाही, एकच मसाला घ्या, तुमच्याकडे कांदा-लसूणच सगळ्यात जास्त खपत असणार, आणि काम छोटं द्या, "पाव किलो नेऊन बघा", कारण वर्षाची चटणी कुणी पहिल्यांदाच अनोळखी दुकानातून नेत नाही, पाव किलोची हिंमत करतं. घरपोच मात्र या स्पॉटमध्ये कुठेच बसत नाही. पुण्या-मुंबईला मसाला पाठवायचा असेल तर कोल्हापूरचा एफएम तिथे ऐकू जात नाही, त्यासाठी आत्ताच्या गिऱ्हाइकांच्या पाकिटावर व्हॉट्सअॅप नंबर छापा, तो नंबर पाकिटाबरोबर बाहेरगावच्या लेकी-सुनांपर्यंत पोचतो.

तुमचं मशीन तासाला किती काढतं आणि शनिवार सोडून गर्दी किती असते ते इथे लिहिलंत तर "जेवायच्या आत" ठेवायचं का काढायचं ते नक्की सांगतो.